पीडीएफचे रुंद समास कापून मोबाइलवर वाचण्याजोगं पान कसं करायचं

आमच्या गावच्या गुरुजींनी निवृत्तीनंतर मराठी व्याकरणाची ९६ पानांची पुस्तिका काढली. प्रती संपल्या, छापायला पुन्हा पैसे नाहीत, आणि अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारे आम्ही अकरा जण. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, "स्कॅन करून घ्या." म्हणून मी पुस्तिका घेऊन एसटीने दारव्ह्याला गेले. झेरॉक्सवाल्याने ती ए-४ आकाराच्या काचेवर ठेवली, पानं उलटवत स्कॅन केली आणि पीडीएफ पेनड्राइव्हवर दिली. संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर पोहोचली.

रात्री उघडून पाहिली तर पांढऱ्या पडद्याच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा मजकूर. दोन बोटांनी मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते, सरकवावं तर पुढची ओळ सापडत नाही. आई चुलीजवळून म्हणाली, "काय पाहून रायली वो एवढी डोये बारीक करून?"

हे निस्तरायला मला दोन आठवडे लागले. तुमचा एक तास लागावा, म्हणून लिहिते. मी मार्जिनला समास म्हणते. आमच्या पुस्तिकेत समासाचा धडाही आहे, पण इथे फक्त पानाच्या कडेची कोरी जागा समजा.

काय लागेल

- मोबाइलमध्ये मूळ पीडीएफ आणि तिची एक वेगळी प्रत
- साधी पट्टी, शाळेतली चालते
- KOReader हे मोफत ॲप. ते F-Droid या मोफत ॲपच्या भांडारात मिळतं.
- फाइल कायमची कापायची असेल तर जावा असलेला संगणक आणि Briss हा मोफत प्रोग्रॅम

संगणक नसला तरी तिसऱ्या पायरीपर्यंतचं सगळं मोबाइलवर होतं, आणि एकट्यापुरतं वाचायचं असेल तर तेवढं पुरे.

## १. आधी फाइलची जात ओळखा

पीडीएफ उघडा आणि एका शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निळा होऊन निवडला गेला, तर आत खरा मजकूर आहे. काहीच झालं नाही, तर ते पानाचे फोटो आहेत, म्हणजे स्कॅन. काही स्कॅनच्या मागे ओळखलेला मजकूर लपवलेला असतो आणि तिथे शब्द निवडला जातो. अशी शंका आली तर अक्षर खूप मोठं करून बघा. कड फुटून ठिपके दिसले की स्कॅनच.

ही जात दोन कारणांनी महत्त्वाची आहे. बऱ्याच ॲपमध्ये समास आपोआप कापायची सोय असते. संगणकावर टाइप केलेल्या स्वच्छ पानावर ती छान चालते. स्कॅनवर मात्र ती फसते, कारण झाकण नीट न लावता स्कॅन केलं की पानाच्या कडेला काळा पट्टा येतो आणि ॲपला तो पट्टाही मजकूरच वाटतो. मग ते पट्ट्यापर्यंतचं सगळं जपून ठेवतं. आमच्या पुस्तिकेच्या उजव्या कडेला असाच बोटभर काळा पट्टा होता. आपोआप कापायला सांगितल्यावर पान जसंच्या तसं राहिलं आणि मला वाटलं, बटणच बिघडलं.

दुसरं कारण मराठीचं आहे. काही ॲप पानातला मजकूर उचलून, पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी नव्याने मांडून दाखवतात. इंग्रजीला ते सोयीचं आहे. पण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मराठी पीडीएफ युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्यात पडद्यावर "शेतकरी" दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. मजकूर उचलला की ती खिचडीच वर येते. समास कापताना मजकूर उचलला जात नाही, पानाची दिसणारी चौकट तेवढी लहान होते. म्हणून मराठीसाठी कापणंच भरवशाचं.

## २. पट्टी लावा: कापून किती फायदा होईल?

ही पायरी लोक गाळतात आणि मग "एवढं करूनही बारीकच दिसते" म्हणून वैतागतात.

पूर्ण पान पडद्यावर दिसेल असं ठेवा आणि पट्टीने दोन मापं घ्या: पानाची रुंदी आणि मजकुराची रुंदी. पहिल्याला दुसऱ्याने भागा. जो आकडा येईल, जास्तीत जास्त तितक्या पटीने अक्षर वाढेल. त्यापेक्षा जास्त नाही.

माझा मोबाइल साडेसहा इंचांचा, पडद्याची रुंदी ६.८ सेंटिमीटर. त्यावर पुस्तिकेचा मजकूर ३.४ सेंटिमीटर रुंद दिसत होता. म्हणजे दुप्पट. खरा कागद धरला तर ए-४ पान २१ सेंटिमीटर रुंद आणि मजकुराचा ठोकळा साडेदहा, हिशेब तोच. आता अक्षराचं बघा. पुस्तिकेतलं १२ पॉइंटचं अक्षर न कापता मोबाइलवर जेमतेम ४ पॉइंटचं दिसत होतं. मजकुराच्या दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटर जागा ठेवून कापलं, तर चौकट ११.१ सेंटिमीटर रुंद होते आणि अक्षर साधारण साडेसात पॉइंटचं होतं. बारीक आहे, पण वाचता येतं. मोबाइल आडवा धरला तर तेच १६ पॉइंटचं होतं. मग मात्र एक पान वाचायला साडेतीन पडदे सरकवावे लागतात. मी दिवसा उभा धरते, रात्री आडवा.

आता याउलट एखादा शासन निर्णय घ्या. तो मुळातच ए-४ कागदासाठी बनलेला असतो. समजा चारही बाजूंना इंचभर समास आहे. मजकूर १६ सेंटिमीटर. २१ भागिले १६, म्हणजे १.३. कापूनही १२ पॉइंटचं अक्षर उभ्या मोबाइलवर ५ पॉइंटच्या आसपासच राहतं. तिथे कापणं आणि आडवं धरणं, दोन्ही एकत्र केलं तरच जमतं. तेव्हा ते अक्षर ११ पॉइंटच्या वर जातं, जवळपास छापल्याएवढं. आणि तुमचा आकडा १.१ किंवा १.२ आला असेल, तर कापायच्या भानगडीत पडू नका, सरळ मोबाइल आडवा करा.

## ३. फाइलला हात न लावता ॲपमध्ये कापा

KOReader मध्ये पीडीएफ उघडा. पडद्याच्या खालच्या कडेला टिचकी मारली की पट्टी वर येते. तिच्यात Page Crop नावाची ओळ शोधा. स्कॅन असेल तर auto च्या नादी न लागता manual निवडा. पानावर चौकट येते. तिचे कोपरे बोटाने सरकवून मजकुराभोवती आणा आणि कायम करा. पान अजूनही लहानच दिसलं, तर त्याच पट्टीत मोठं करण्याचा भाग आहे. तिथे content आणि width निवडा, म्हणजे ॲप पानाच्या नव्हे, मजकुराच्या रुंदीने दाखवेल.

चौकट आखताना देवनागरीची आठवण ठेवा. आपलं अक्षर शिरोरेषेवर संपत नाही. रफार, अनुस्वार, वेलांटी, मात्रा सगळं वर. उकार आणि ऋकार खाली. पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला चिकटून कापलं, तर "वर्ग" चा "वग" होतो आणि "अंक" चा "अक". व्याकरणाच्या पुस्तकात तर हे फारच वाईट. म्हणून वर-खाली निदान ४ मिलिमीटर आणि बाजूंना ३ मिलिमीटर मोकळं सोडा. खालचा पानाचा आकडा कापायचा की ठेवायचा, हे आधी ठरवा. मी ठेवला, कारण अभ्यासिकेत "पान ३१ काढा" असं म्हटलं की सगळ्यांना एकच पान सापडायला पाहिजे.

आता खरी गोम. सम आणि विषम पानं सारखी नसतात. पुस्तक काचेच्या कोपऱ्याला टेकवून स्कॅन करतात, शिवणीची बाजू दर पानागणिक बदलते, म्हणून मजकूर एका पानावर डावीकडे सरकतो आणि पुढच्यावर उजवीकडे. आमच्या फाइलमध्ये हा फरक दीड सेंटिमीटरचा निघाला. सुरुवातीला मी दुसऱ्या एका ॲपमध्ये छापील पान ७ बघून चौकट आखली आणि ती सगळ्या पानांना लावली. पान ७ झकास. पान ८ वर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गायब. "विशेषण" च्या जागी "शेषण" वाचून मला आधी वाटलं गुरुजींचा मुद्रणदोष आहे, आणि मी त्यांना तसं विचारायलाही निघाले होते.

दोन्हींना पुरेल अशी एकच रुंद चौकट आखायचा मोह होतो. हिशेब करा: ११.१ मध्ये दीड मिळवलं की १२.६, आणि साडेसात पॉइंटचं अक्षर साडेसहावर येतं. म्हणजे मेहनतीचा बराच भाग वाया. KOReader मध्ये एका विषम पानावर आखलेली चौकट बाकीच्या विषम पानांना लागते, सम पानांसाठी वेगळी आखायची. दोनदा आखा. दोन्ही चौकटींची रुंदी सारखी ठेवा, नाहीतर पान उलटलं की अक्षर कधी मोठं, कधी लहान दिसतं आणि डोळ्यांना त्रास होतो.

### पान ४४ नंतर सगळं उलटं

दोन चौकटी आखल्या, पहिली ४३ छापील पानं उत्तम वाचली. पान ४४ पासून पुन्हा अक्षरं कापली जाऊ लागली, आणि आता दोन्ही बाजूंनी: सम पानावर डावीकडून, विषम पानावर उजवीकडून. अर्धा दिवस चौकटी सरकवण्यात गेला. शेवटी एकेक पान मोजलं तेव्हा कळलं की पान ४३ दोनदा स्कॅन झालं होतं.

ॲप सम-विषम ठरवतं ते फाइलमधल्या क्रमावरून, कागदावर छापलेल्या आकड्यावरून नव्हे. मुखपृष्ठ हे फाइलचं पहिलं पान, म्हणून छापील १ हे फाइलमध्ये २. तिथपर्यंत अडचण नव्हती, कारण सगळी पानं सारखीच एकाने पुढे होती. पण एक पान दोनदा आलं की तिथून पुढे समाचं विषम होतं. एखादं पान स्कॅन करायचं राहून गेलं तरी तेच. ओळखायची खूण सोपी आहे: एका ठरावीक पानापर्यंत सगळं बरोबर आणि तिथून शेवटपर्यंत सगळं चुकीचं. असं दिसलं की चौकटीला दोष देऊ नका, पानं मोजा.

आमच्या फाइलमध्ये पुढचं-मागचं पृष्ठ आणि ९६ पानं मिळून ९८ हवी होती, निघाली ९९. जास्तीचं पान फाइलमधलं ४५ वं. ते मी संगणकावर qpdf या मोफत प्रोग्रॅमला आज्ञा देऊन काढलं:

```
qpdf pustika.pdf --pages . 1-44,46-z -- pustika2.pdf
```

इथे z म्हणजे शेवटचं पान. मोबाइलवर Termux हे आज्ञा टाइप करायचं ॲप असेल तर तिथेही `pkg install qpdf` करून हीच ओळ चालते. आज्ञा द्यायची सवय नसेल, तर पानं काढून टाकणारं कोणतंही ॲप चालेल. पान सुटलं असेल तर त्या जागी कोणतंही एक पान घालून गाडी रुळावर येते. सुटलेलं पान मग वेगळं मागवा.

## ४. सगळ्यांना वाटायची असेल तर फाइल कायमची कापा

ॲपमधली चौकट फक्त तुमच्या मोबाइलवर राहते. मला दहा जणांना प्रत्येकी दोन चौकटी आखायला शिकवायचं नव्हतं. त्यासाठी Briss. आमच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. वीज असेल तेव्हा तो चालतो.

झिप फाइल उलगडून त्या फोल्डरमध्ये ही ओळ द्या:

```
java -jar briss-0.9.jar
```

फाइल उघडली की तो विचारतो, कोणती पानं एकत्र करण्यातून वगळायची. इथे मुखपृष्ठाचा आकडा आणि आडवे तक्ते असलेल्या पानांचे आकडे द्या. त्यांचा आकार वेगळा असतो, ती मिसळली तर चौकट बिघडते.

मग Briss जे करतो ते मला फार आवडलं. तो सगळी सम पानं एकमेकांवर ठेवून एकच धूसर चित्र दाखवतो, विषम पानांचं दुसरं. मजकूर जिथे जिथे पोहोचतो तिथे करडा ठसा उमटलेला दिसतो. एखाद्याच पानावरची लांब ओळ किंवा तळटीप असेल, तर तिचा फिकट ठसा ठोकळ्याच्या बाहेर डोकावतो. तो फिकट ठसाही चौकटीत घ्या. मोबाइलवर एकेक पान बघताना हे कधीच लक्षात येत नाही. आमच्या पुस्तिकेत धड्याखाली उत्तरांची ओळ फक्त नऊ पानांवर आहे, आणि ती मला इथेच दिसली.

Briss स्वतःच चौकटी सुचवतो, पण काळ्या पट्ट्याने तोही फसतो. कोपरे ओढून नीट करा, Action मधून आधी Preview आणि मग Crop PDF. नव्या फाइलच्या नावामागे _cropped लागतं, मूळ फाइल तशीच राहते. पुस्तक उघडं ठेवून दोन पानं एकाच स्कॅनमध्ये आली असतील, तर एकाच चित्रावर दोन चौकटी आखा, डावी आधी. प्रत्येक चौकटीचं वेगळं पान होतं.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. पानांचे स्क्रीनशॉट काढून पाठवले तर अक्षर धुरकटतं, आमच्यातल्या एकाने तेही करून पाहिलं आहे.

## ५. वाटण्याआधी तपासा

पहिलं पान बघून समाधान मानू नका. निदान सहा पानं बघा: सुरुवातीचं एक सम, एक विषम, मधली तशीच दोन, शेवटची तशीच दोन. प्रत्येकावर पहिल्या ओळीचे रफार-अनुस्वार, ओळीची पहिली आणि शेवटची अक्षरं, आणि तळाची ओळ. पान तिरकं स्कॅन झालं असेल तर ते वरच्या ओळीला बरोबर दिसतं आणि खालच्या ओळीला कापलं जातं. चौकट रुंद करून ते झाकता येतं, पण मग सगळ्याच पानांचं अक्षर लहान होतं. अशी तीन-चारच पानं असतील तर तेवढी पुन्हा स्कॅन करून आणणं परवडतं.

## दोन ठिकाणी कापू नका

कापलेलं म्हणजे पुसलेलं नव्हे. पीडीएफमध्ये पूर्ण पानाची एक चौकट असते आणि दाखवायच्या भागाची दुसरी. आपण दुसरी लहान करतो, बाहेरचं सगळं फाइलमध्ये तसंच असतं. म्हणूनच कापून फाइलचा आकार जवळपास कमी होत नाही. आमची ३८ एमबीची ३८ चीच राहिली आणि मला वाटलं काम झालंच नाही. याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची: आमच्या प्रतीच्या समासात कुणीतरी पेनाने मोबाइल नंबर लिहिला होता. कापल्यावर तो दिसेना, पण चौकट परत मोठी केली की हजर. तेव्हा आधारचा नंबर किंवा खातं क्रमांक लपवायला हा उपाय वापरू नका. स्कॅन असेल तर कागदावर चिठ्ठी ठेवून पुन्हा स्कॅन करा. मी तो नंबर असाच झाकला.

सही असलेली फाइल. डिजिटल सहीचा सातबारा कापून नव्याने साठवला की सही खरी ठरत नाही, कारण सहीनंतर फाइल बदललेली असते. बँकेत किंवा विम्याला तो कागद द्यायचा असेल तर मूळ फाइलच द्या. वाचायला बारीक वाटत असेल, तर तिसऱ्या पायरीप्रमाणे ॲपमध्येच चौकट आखा. तिथे फाइल बदलत नाही.

आमच्या पुस्तिकेत एकच गोष्ट या साऱ्याने सुटली नाही: पान ६८ वरचा विभक्ती-प्रत्ययांचा तक्ता. तो पानभर रुंद आहे, कापायला समासच नाही. मी ते पान मुखपृष्ठासारखंच वगळलं आणि तक्ता मोठ्या अक्षरात हाताने लिहून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावला.